सेल्सची ऑफर हातात आली, आता काय तपासायचं? कोल्हापूर एमआयडीसीत सेल्समध्ये उतरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत कटिंग टूल्स, कूलंट, ग्राइंडिंग व्हील असा माल विकणाऱ्या कंपन्यांना सेल्सची माणसं सतत लागतात. डिप्लोमा किंवा बीकॉम झालेली मुलं ऑफर लेटरचा फोटो पाठवून विचारतात, "दादा, घेऊ का ही नोकरी?" या पानावर त्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. सगळी उत्तरं एकाच नमुना ऑफरवर दिली आहेत, म्हणजे आकडे शेवटपर्यंत तेच राहतील. ही ऑफर कुठल्या एका कंपनीची नाही, पण या धंद्यात वावरणाऱ्याला ती ओळखीची वाटेल.

नमुना ऑफर अशी: हातात येणारा पगार १८,००० रुपये. टार्गेट महिन्याला ८ लाखांचं. टार्गेटच्या ८० टक्क्यांखाली विक्री झाली तर इन्सेंटिव्ह शून्य. ८० ते १०० टक्क्यांच्या मध्ये विक्रीवर १ टक्का, १०० टक्के गाठले तर सगळ्या विक्रीवर दीड टक्का, १२० टक्क्यांच्या पुढे २ टक्के. जाहिरातीत वाक्य होतं: "४५,००० पर्यंत कमाईची संधी."

"४५,००० पर्यंत" म्हणजे नेमकं किती विकल्यावर?

पहिलं गणित हेच करायचं, आणि ते दोन ओळींचं आहे. ४५,००० मधून १८,००० वजा केले की २७,००० इन्सेंटिव्ह उरतं. सगळ्यात वरचा दर २ टक्के आहे, म्हणजे २७,००० मिळवायला महिन्याला साडेतेरा लाखांची विक्री हवी. टार्गेट ८ लाखांचं आहे. याचा अर्थ जाहिरातीतला आकडा टार्गेटच्या १६९ टक्के विकणाऱ्या माणसाचा आहे.

टार्गेट बरोबर गाठणाऱ्याला १२,००० इन्सेंटिव्ह मिळेल आणि त्याची कमाई ३०,००० होईल. ८० टक्क्यांवर, म्हणजे ६ लाख ४० हजारांवर थांबणाऱ्याला ६,४०० मिळतील, एकूण २४,४००. आणि ६ लाख ३० हजार विकणाऱ्याला फक्त १८,०००. त्याने अवघे १०,००० रुपये कमी विकले आणि ६,४०० रुपये गेले. या पायरीला आपल्याकडे "गेट" म्हणतात. ऑफर वाचताना वरच्या आकड्याआधी गेटवर बोट ठेवा, कारण पहिलं वर्ष बहुतेकांचं गेटच्या आसपास जातं.

अजून एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट. टार्गेट जीएसटी धरून आहे की सोडून, हे विचारून घ्या. १८ टक्के जीएसटी लागणाऱ्या मालात ८ लाखांचं बिल म्हणजे मूळ विक्री ६ लाख ७८ हजारांची. टार्गेट जीएसटी धरून सांगितलं आणि इन्सेंटिव्ह मात्र मूळ रकमेवर काढलं, असं होऊ शकतं.

८ लाखांचं टार्गेट खरं आहे की हवेतलं, हे बाहेरून कसं कळणार?

कळतं. त्यासाठी टार्गेट खालून वर मोजायचं. कंपनीने ते वरून खाली वाटलेलं असतं: वरच्या ऑफिसला वर्षाला अमुक कोटी हवेत, माणसं इतकी, म्हणून प्रत्येकाला इतकं. तुम्ही उलट्या बाजूने सुरू करा आणि आधी विचारा, "या टेरिटरीत आज चालू गिऱ्हाईकं किती आहेत, आणि त्यांच्यातले दर महिन्याला बिल होणारे किती?"

समजा उत्तर आलं की यादीत ४० कारखाने आहेत. खोदून विचारल्यावर कळतं की दर महिन्याला माल घेणारे २५ आहेत आणि प्रत्येकी सरासरी १४,००० चा घेतात. म्हणजे साडेतीन लाख. उरलेले साडेचार लाख तुम्हाला नव्या गिऱ्हाइकांतून आणायचे आहेत.

आता नवीन गिऱ्हाईक किती वेगाने येतं ते बघू. महिन्यात कामाचे २४ दिवस आणि दिवसाला ८ भेटी धरल्या तर १९२ भेटी होतात. त्यातल्या निम्म्या जुन्या गिऱ्हाइकांकडेच जातात: पेमेंट मागायला, तक्रार ऐकायला, राहिलेलं चलन द्यायला. नव्यांसाठी ९६ उरल्या. ट्रायलपर्यंत पोचायला एका कारखान्यात तीन तरी फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत परचेसवाला "मेल करा" म्हणतो, दुसऱ्या फेरीत प्रॉडक्शनच्या साहेबांची गाठ पडते, तिसऱ्या फेरीत ते मशीन दाखवतात. म्हणजे महिन्याला ३२ नवे कारखाने. आठातल्या एकाने ट्रायल दिली तर चार, आणि पहिली ऑर्डर साधारण १०,००० ची. म्हणून पहिल्या महिन्याची वाजवी विक्री साडेतीन लाख अधिक ४०,०००, म्हणजे ३ लाख ९० हजार.

ट्रायलला वेळ का लागतो, हे ज्याने शॉप फ्लोअर पाहिला नाही त्याला लवकर उमगत नाही. इन्सर्ट, म्हणजे कटिंग टूलच्या टोकाला बसणारा धारदार तुकडा, दिला की ऑपरेटर तो मशीनवर लावतो आणि एका कडेवर किती जॉब, म्हणजे किती सुटे भाग, निघतात ते मोजतो. जुन्या इन्सर्टच्या एका कडेवर ६० जॉब निघत होते आणि तुमच्यावर ७५ निघाले, तरी साहेब दरानुसार एका जॉबचा खर्च काढतात, मग दुसऱ्या शिफ्टला तेच करून बघतात. कूलंटची गोष्ट याहून सावकाश. मशीनची टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय नवं कूलंट भरता येत नाही, आणि चालू ऑर्डर असताना कोणी टाकी रिकामी करत नाही. तुम्ही कितीही चांगलं बोललात तरी टाकी धुवायची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं.

सहा महिन्यांनी काय चित्र असेल? महिन्याला चार याप्रमाणे २४ नवी गिऱ्हाईकं, त्यातली १५ टिकली आणि इतरांसारखीच १४,००० चा माल घेऊ लागली, तर २ लाख १० हजार वाढले. जुने साडेतीन लाख आणि नव्या ट्रायलचे ४०,००० मिळवून बरोबर ६ लाख. टार्गेटचे ७५ टक्के. गेट ८० वर आहे, म्हणजे सहा महिने इमानेइतबारे राबलेल्या माणसाचं इन्सेंटिव्ह शून्य. याच वेगाने वर्ष काढलं तर ३० गिऱ्हाईकं टिकतील आणि विक्री ८ लाख १० हजारांवर जाईल. तेवढ्यात एप्रिल येतो आणि टार्गेट वाढतं.

या हिशोबात जुनं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही असं धरलंय. प्रत्यक्षात दोनचार तुटतातच. तुमच्या ऑफरमधले आकडे वेगळे असतील, पण हिशोब याच क्रमाने मांडा. मुलाखतीत हे आकडे मागितले आणि समोरच्याला एकही सांगता आला नाही, तर ते टार्गेट कोणी मोजून ठरवलेलं नाही एवढं समजायला हरकत नाही.

मुलाखतीत "आमच्या टीमचं सरासरी अचीव्हमेंट ९८ टक्के" असं सांगितलं. मग काळजी कशाला?

सरासरी खरी असू शकते आणि तरीही तुमच्या कामाची नसते. सात जणांची टीम घ्या. त्यांची महिन्याची विक्री लाखांत अशी आहे: ३.८, ४.५, ५.२, ५.९, ६.३, ८.४ आणि २१. बेरीज ५५.१ लाख, सातने भागलं की ७ लाख ८७ हजार. टार्गेटच्या ९८ टक्के. साहेब खोटं बोलले नाहीत.

पण यादी परत वाचा. टार्गेट गाठलं दोघांनी. गेटच्या खाली असलेल्या पाच जणांना इन्सेंटिव्ह नाही. रांगेतला मधला माणूस ५ लाख ९० हजारांवर, म्हणजे ७४ टक्क्यांवर आहे. तुम्ही नवीन लागलात तर बहुधा या मधल्या माणसाच्या आसपास किंवा त्याच्या खाली असाल. २१ लाखवाल्याकडे कागलच्या पंचतारांकित वसाहतीतला एखादा मोठा प्लांट वर्षानुवर्षं आहे. तो तुम्हाला मिळणार नाही आणि तो माणूस सोडणारही नाही.

म्हणून सरासरी विचारूच नका. प्रश्न असा विचारा: "गेल्या वर्षी टीममध्ये किती जण होते, आणि त्यातल्या किती जणांना बारापैकी निदान सहा महिने इन्सेंटिव्ह मिळालं?" याचं उत्तर माणसांत येतं, टक्क्यांत येत नाही, त्यामुळे ते गोल फिरवणं अवघड जातं. त्याला जोडून दुसरा प्रश्न: "माझ्या आधी या जागेवर जे होते ते किती महिने टिकले? त्यांच्या आधीचे?" एकाच टेरिटरीत दोन वर्षांत तीन माणसं बदलली असतील तर दोष माणसांत शोधण्यात अर्थ नाही.

कंपनीने आकडे सांगितले नाहीत तर खरी कमाई कशी कळेल?

कोल्हापूर त्या दृष्टीने फार सोयीचं आहे. इथल्या एमआयडीसीत सेल्सवाले एकमेकांना तोंडओळखीने का होईना ओळखतात, आणि सांगली फाट्यावरच्या चहाला दुपारी उभं राहिलं तरी दोघंतिघं भेटतात. फक्त प्रश्न नीट विचारला पाहिजे. "पगार किती?" असं विचारलं की माणूस एकतर वाढवून सांगतो किंवा गप्प बसतो. त्याऐवजी विचारा, "दादा, शेवटचं इन्सेंटिव्ह खात्यावर कधी आलं?"

असाच एकदा एका मुलाने माझ्यासमोर विचारलं. समोरचा सेल्सवाला बारा-तेरा वर्षं याच पट्ट्यात फिरणारा. तो म्हणाला, "मार्चचं म्हणतोस? अजून कुठलं आलंय भावा. दिवाळीआधी टाकतो म्हणालेत." मग स्वतःहून मोबाइल काढला, बँकेचं ॲप उघडलं आणि खाली खाली सरकवत गेला. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला पगाराची नोंद होती. वर्षभरात इन्सेंटिव्हच्या नोंदी मात्र दोनच, आणि त्यातली एक "पार्ट" म्हणून आलेली. त्या मुलाला तेवढ्यात सगळं कळलं. पगाराच्या स्लिपवर इन्सेंटिव्हचा रकाना असतो, पण पैसे कधी आले हे बँकेच्या नोंदीच सांगतात.

दुसरी माहितगार माणसं म्हणजे गिऱ्हाइकांकडचे परचेसवाले. एखाद्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये ओळखीचं कोणी असेल तर एवढंच विचारा की अमुक कंपनीचा माणूस वर्षात किती वेळा बदलला, आणि त्यांचा माल वेळेवर येतो का. माल वेळेवर येत नसेल तर तुमचं टार्गेट तुमच्या हातात नाही. ऑर्डर तुम्ही आणाल, पण पुण्याच्या गोडाऊनमध्ये स्टॉक नाही म्हणून बिल पुढच्या महिन्यात होईल, आणि विक्री बिलाच्या तारखेने धरली जाते.

इन्सेंटिव्ह विक्रीवर आहे की वसुलीवर? याने एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि या पानावरचं सर्वात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात बारीक अक्षरात असतं: "इन्सेंटिव्ह वसूल झालेल्या बिलांवर, तिमाही पद्धतीने देय." यात कंपनीची बाजूही समजण्यासारखी आहे. पैसे न आलेल्या मालावर कमिशन वाटलं तर सेल्सवाला कोणालाही उधार देत सुटेल. पण तुमच्या घरखर्चाचं गणित त्यामुळे पूर्ण बदलतं.

एप्रिलमध्ये विकलेला माल घ्या. बिलावर ६० दिवसांचं क्रेडिट असतं, पण इथली फाउंड्री स्वतः पुण्या-चाकणच्या गिऱ्हाइकाच्या पेमेंटची वाट बघत असते, त्यामुळे पैसे ९० दिवसांनी येतात असं धरू. म्हणजे जुलै. जुलैची वसुली जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत मोजली जाते. तिमाही सप्टेंबरअखेर संपते, ऑक्टोबरभर अकाउंट्स आणि एरिया मॅनेजर यांच्यात हिशोबाची देवघेव चालते, आणि मंजुरी होऊन रक्कम नोव्हेंबरच्या पगारासोबत नोव्हेंबरअखेर खात्यावर येते. एप्रिलच्या घामाचे पैसे आठव्या महिन्यात.

आता समजा तुम्ही पहिल्या दिवसापासून दर महिन्याला टार्गेट पूर्ण केलं. वर उघड झालंच आहे की हे जवळजवळ अशक्य आहे, पण धरून चालू. दर महिन्याचं इन्सेंटिव्ह १२,०००, म्हणजे वर्षाचं १ लाख ४४ हजार. एप्रिलमध्ये लागलात तर मार्चपर्यंत हातात किती? नोव्हेंबरअखेर एप्रिल ते जूनचे ३६,००० आणि फेब्रुवारीअखेर जुलै ते सप्टेंबरचे ३६,०००. एकूण ७२,०००. उरलेले निम्मे कंपनीकडे. आणि हे कायमचं असतं: पैसे पडल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा पाच महिन्यांचे ६०,००० अडकलेले असतात, पडायच्या आदल्या दिवशी आठ महिन्यांचे ९६,०००.

त्यामुळे पहिल्या वर्षाचं घरभाडं, गाडीचा हप्ता, घरी पाठवायचे पैसे हे सगळं फक्त १८,००० मध्ये बसतं का, एवढंच बघा. बसत नसेल तर इन्सेंटिव्हच्या भरवशावर सही करू नका.

वसुली झाली तरी "तुमचं बिल अजून क्लिअर नाही" असं का सांगतात?

हा सापळा नव्या माणसाला हमखास कळत नाही. गिऱ्हाईक बरेचदा बिल बघून पैसे देत नाही. "ऑन अकाउंट" म्हणून ५०,००० टाकून मोकळं होतं. अकाउंट्समध्ये ती रक्कम सर्वात जुन्या बिलापासून वळती केली जाते. आता तुमच्या आधीच्या माणसाच्या काळातलं ८०,००० चं येणं त्या गिऱ्हाइकाकडे पडून असेल, तर तुमच्या पाठपुराव्याने आलेले पैसे आधी त्याच्या बिलांत जातात. तुमचं बिल उभंच. ते ९० दिवसांच्या पुढे गेलं आणि पत्रात "९० दिवसांनंतरच्या वसुलीवर इन्सेंटिव्ह नाही" असं असेल, तर ते कमिशन कायमचं गेलं.

उपाय रुजू होण्याआधीचा आहे. त्या टेरिटरीचा एजिंग रिपोर्ट दाखवायला सांगा, म्हणजे कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती दिवसांचं किती येणं आहे. पूर्ण कागद देणार नाहीत, पण ९० दिवसांपुढचं एकूण येणं किती, एवढा आकडा सांगायला काही अडचण नसते. महिन्याच्या साडेतीन लाखांच्या टेरिटरीत असं जुनं येणं पाच-सहा लाखांचं असेल, तर तुमची नेमणूक विक्रीसाठी कमी आणि वसुलीसाठी जास्त आहे. मग विचारा की जुन्या बिलांच्या वसुलीवर मला काही मिळणार का, आणि माझ्या रुजू तारखेनंतरची बिलं वेगळी धरणार का. दोन्हींना नाही म्हणाले तर मी ती ऑफर घेणार नाही.

टार्गेट महिन्याचं चांगलं की तिमाहीचं?

गेट असेल तर तिमाहीचं. एका तिमाहीत ५.९, ६.२ आणि ७.४ लाख विक्री झाली असं धरा. महिन्याच्या हिशोबाने पहिले दोन महिने गेटच्या खाली, तिसऱ्या महिन्याचे फक्त ७,४०० मिळतील. तिमाहीच्या हिशोबाने २४ लाखांपैकी साडेएकोणीस लाख झाले, ८१ टक्के, म्हणजे १९,५०० मिळतील. काम तेच, फरक १२,१०० चा. औद्योगिक मालाची विक्री महिन्या-महिन्याला वरखाली होतेच. दिवाळीत फाउंड्री बंद असतात, मार्चमध्ये सगळ्यांची घाई असते. म्हणून हा मुद्दा मागून घेण्यासारखा आहे, आणि अनेक मॅनेजर तो मान्यही करतात.

महिन्याच्या गेटमुळे आणखी एक वाईट सवय लागते. ३० तारखेच्या संध्याकाळी ४०,००० कमी पडतायत म्हटल्यावर सेल्सवाला ओळखीच्या परचेसवाल्याला फोन करतो, "साहेब, बिल टाकतो, माल पुढच्या महिन्यात हवा तसा घ्या." पुढच्या महिन्यात माल परत येतो, क्रेडिट नोट निघते आणि ती रक्कम त्या महिन्याच्या विक्रीतून वजा होते. मग तो महिनाही गेटखाली. शिवाय दिलेलं इन्सेंटिव्ह कापून घेण्याचं कलम बहुतेक पत्रांत असतं. ज्या टीममध्ये महिनाअखेरची बिलं आणि पुढच्या महिन्याच्या क्रेडिट नोटा दोन्ही जास्त, तिथलं टार्गेट माणसांना पेलत नाही हे पक्कं समजा.

पेट्रोलचं काय?

वेगळं धरा. शहरातून शिरोली, तिथून जयसिंगपूर किंवा दुसऱ्या दिवशी कागल अशी फिरती असेल तर दिवसाला ७० किलोमीटर सहज होतात, महिन्याला १,६८० किलोमीटर. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साधारण ३,९०० रुपये. कंपनी ठोक २,५०० देत असेल तर दर महिन्याला १,४०० तुम्ही पगारातून घालताय. ऑइल, टायर वेगळे. इचलकरंजी आणि गडहिंग्लज दोन्ही तुमच्याकडे असतील तर ठोक रकमेला होकार देऊ नका, किलोमीटरमागे दर मागा.

पूर आला, रस्ता बंद झाला तर टार्गेट कमी करतात का?

आपणहून सहसा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती, हे इथल्या कोणाला सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून टार्गेट लावणाऱ्याला मात्र ते सांगावं लागतं. मुलाखतीत सरळ विचारा: "अशा महिन्यात टार्गेटचं काय करता?" मागे कधी कमी केलं होतं का, हेही विचारा. तिमाही टार्गेट असेल तर असा एखादा महिना थोडाफार भरून निघतो.

मोठी गिऱ्हाईकं माझ्या एरियात आहेत, पण ती "हाऊस अकाउंट" आहेत म्हणे. म्हणजे?

म्हणजे तिथे सर्व्हिस तुम्ही द्यायची आणि विक्री ऑफिसच्या नावावर. कधी कधी ऑर्डर गिऱ्हाइकाच्या पुण्याच्या हेड ऑफिसमधून निघते आणि क्रेडिट तिथल्या माणसाला जातं. रुजू होण्याआधी तुमच्या नावावर असलेल्या गिऱ्हाइकांची यादी मेलवर घ्या. यादी न देता "सगळा कोल्हापूर जिल्हा तुमचा" असं सांगत असतील तर जिल्ह्यातले मोठे पाच प्लांट कोणाकडे आहेत ते नाव घेऊन विचारा.

कायदा काय म्हणतो? राजीनामा दिल्यावर अडकलेलं इन्सेंटिव्ह मिळतं का?

वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नोकरी सुटल्यावर वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं, असं तिच्यात आहे. मात्र त्याच संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून कमिशन सर्वसाधारणपणे वगळलेलं आहे. भत्ते आणि कमिशन मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होत असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, पण १८,००० पगार आणि अधूनमधून इन्सेंटिव्ह असणाऱ्याला त्याचा फार आधार नाही. पीएफच्या बाबतीतही कमिशनवर सर्वसाधारणपणे वर्गणी कापली जात नाही हे लक्षात असू द्या. ४५,००० ची कमाई दाखवणाऱ्या ऑफरमध्ये पीएफ मात्र बहुधा मूळ पगारापुरताच जमा होतो.

त्यामुळे सगळं वजन पत्रातल्या शब्दांवर येतं. दोन वाक्यं शोधा. एक, "इन्सेंटिव्ह योजना कंपनी कधीही बदलू शकते." हे जवळपास सगळीकडे असतं. त्यावर एवढं मागा की बदल पुढच्या तिमाहीपासून लागू होईल, चालू तिमाहीला नाही. दोन, "पेआउटच्या दिवशी कर्मचारी रोलवर असला पाहिजे." हे वाक्य असेल तर दर महिन्याला टार्गेट गाठणाऱ्याने राजीनामा कधीही दिला तरी त्याचे किमान ६०,००० तिथेच राहणार, हे वरच्या हिशोबात दिसलंच आहे. ते वाक्य बदलून "शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत वसूल झालेल्या बिलांवर इन्सेंटिव्ह देय राहील" असं करून मागा.

एवढं सगळं मागितलं तर ऑफर हातची जाईल का?

सगळं मिळत नाही. पण कोल्हापुरातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांत मालकाशी थेट बोलता येतं, आणि तिथे दोन गोष्टी पदरात पडतात असा माझा अनुभव आहे. पहिली, सुरुवातीच्या सहा महिन्यांसाठी कमी टार्गेट. वरच्या हिशोबात तुम्ही ३ लाख ९० हजारांवरून ६ लाखांपर्यंत जाताय, तर पहिल्या तिमाहीला महिन्याला साडेचार लाख आणि दुसरीला ६ लाख ही मागणी आकड्यांसकट मांडता येते. दुसरी, राजीनामा दिला तरी शेवटच्या दिवसापर्यंतच्या वसुलीवर इन्सेंटिव्ह देण्याचं वाक्य. तिसरी मागणी, म्हणजे फिक्स्ड पगार १८ चा २१ करणं, बहुतेक वेळा अडते. तेव्हा "पहिले सहा महिने ३,००० हमी इन्सेंटिव्ह" असं मागा. मालकाला तो कायमचा बोजा वाटत नाही.

बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी छोटा मेल टाका: "आज ठरल्याप्रमाणे पहिल्या तिमाहीचं टार्गेट महिना ४.५ लाख, मोजणी तिमाहीने, आणि माझ्या रुजू तारखेनंतरची बिलं वेगळी धरली जातील, असं मी समजतो." उत्तरात "ओके" आलं तरी कागद झाला. दोन दिवस उत्तर नाही आलं तर फोन करून आठवण करा, आणि उत्तर येईपर्यंत आहे त्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

आधीच लागलोय आणि सहा महिने इन्सेंटिव्ह शून्य आहे. थांबू की सोडू?

तुमच्या गिऱ्हाइकांची संख्या बघा, विक्रीचा आकडा नंतर. दर महिन्याला परत माल घेणारे २५ चे ३५-४० झाले असतील तर टेरिटरी वाढतेय, आणि गेट पुढच्या तिमाही-दोन तिमाहीत येईल. तेव्हा थांबण्यात फायदा आहे. संख्या २५ च्या आसपासच असेल, नवीन येतात तितकेच जुने तुटत असतील, तर गिऱ्हाईकं का तुटली याची यादी करा. दर, माल उशिरा येणं, क्वालिटी यांपैकी कशामुळे? ती कारणं तुमच्या हातातली नसतील तर आणखी सहा महिन्यांनी आकडा तोच असेल.

सोडायचं ठरलं तर तारीख जपून निवडा. "रोलवर असला पाहिजे" हे वाक्य तुमच्या पत्रात असेल तर पेआउट खात्यावर आल्यानंतर राजीनामा द्या, म्हणजे निदान मागच्या तिमाहीचे पैसे हातात असतील. देण्याआधी तुमच्या नावावरची बिलं, त्यांच्या तारखा, वसुली आणि आलेले पेआउट यांची स्वतःची वही पूर्ण करून ठेवा. कंपनीचा लॅपटॉप आणि मेल शेवटच्या दिवशी बंद होतो, त्यानंतर हिशोब मागायला हातात ती वहीच असते.